घसरती शिडी आणि तिचा कोन: प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर २०२३, सोमवार

बारावीच्या सराव चाचणीचे पेपर तपासून झाले. शिडीचा प्रश्न या वेळी मुद्दाम थोडा वळवून घातला होता. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली, बुडखा भिंतीपासून ३ मीटरवर आणि सेकंदाला १ मीटर वेगाने बाहेर सरकतोय. त्या क्षणी शिडीचा जमिनीशी होणारा कोन किती वेगाने बदलतोय? शेंडा किती वेगाने खाली येतो असं विचारलं असतं तर निम्म्या वर्गाने ते पाठांतरावर सोडवलं असतं. कोन विचारला आणि तीन वेगळी उत्तरं हाती आली: −०.२५ रेडियन प्रति सेकंद, −०.२५ अंश प्रति सेकंद आणि −०.१६ रेडियन प्रति सेकंद.

पहिलं बरोबर. दुसऱ्यावर मला हसू आलं. पाव अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या जेमतेम अडीचपट. बुडखा सेकंदाला मीटरभर पळतोय आणि शिडी इतकी सावकाश झुकतेय? तिसऱ्यापाशी मात्र थांबले. −०.१६ एकाने नाही, अकरा जणांनी लिहिलंय, आणि सगळे एकाच बाकाजवळचे नाहीत.

२२ तारखेला राष्ट्रीय गणित दिवस आहे. त्या दिवशी कॉलेजात मांडायला काहीतरी हवंच होतं. ठरलं, शिडीच करायची. सोबत दोन विद्यार्थी: एक मुलगी, तिच्या वडिलांचं सुतारकाम आहे, आणि एक मुलगा, जो अख्खा दिवस मोटरी आणि सेल यांच्यात रमतो.

५ डिसेंबर, मंगळवार

−०.१६ चा उगम सापडला. मुलांनी tan θ = y/x घेतलं, इथवर ठीक. मग y च्या जागी लगेच ४ टाकले आणि tan θ = 4/x चं डेरिव्हेटिव्ह काढलं. इथे घात झाला. ४ ही उंची त्या एका क्षणाची. ती आधीच टाकली की शेंडा भिंतीला खिळ्याने ठोकल्यासारखा होतो.

गंमत म्हणजे उत्तर चुकीचं असलं तरी निरर्थक नाही. शेंडा ४ मीटरवर पक्का आणि बुडखा बाहेर ओढताना शिडी लांबत जातेय, दुर्बिणीच्या नळीसारखी, अशी कल्पना केली तर −०.१६ अगदी बरोबर आहे. मुलांनी दुसऱ्याच शिडीचं गणित सोडवलं होतं. हे वर्गात सांगितल्यावर अकरांपैकी दोघांचे चेहरे खुलले, बाकीच्यांना मार्कांची काळजी.

बरोबर रस्ता सर्वांत छोटा cos घेतला तर आहे, कारण त्यात बदलणारी गोष्ट एकच, x:

```
cos θ = x / L
−sin θ · dθ/dt = u / L        (u = dx/dt)
dθ/dt = −u / (L sin θ) = −u / y
```

५-४-३ मध्ये टाका: −१/४. y/x घेऊनही हेच येतं, फक्त dy/dt = −३/४ आधी काढून मधे घालावं लागतं. अंशात हवं असेल तर ५७.३ ने गुणा, म्हणजे सेकंदाला १४.३ अंश. आणि हा गुणाकार सगळ्यात शेवटी. cos चं डेरिव्हेटिव्ह −sin हे फक्त रेडियनमध्ये खरं असतं, त्यामुळे सूत्रातून बाहेर पडणारा आकडा रेडियनचाच. पाव अंशवाल्यांनी कोन ५३ अंश असा वाचला आणि शेवटी सवयीने अंशाची खूण चिकटवली.

७ डिसेंबर, गुरुवार

आज मुलीने विचारलं, “मॅडम, शेवटच्या ओळीत L गेला कुठे?”

इतकी वर्षं हे शिकवतेय, पण या प्रश्नाकडे मीही नीट बघितलं नव्हतं. −u/y मध्ये शिडीची लांबी नाही. ५ मीटरची शिडी आणि १० मीटरची शिडी, दोघींचे शेंडे ४ मीटर उंचीवर, दोघींचे बुडखे सारख्याच वेगाने सरकताहेत, तर दोघी त्या क्षणी सारख्याच वेगाने झुकतात. लांबडी कितीतरी जास्त आडवी पडलेली असूनही.

बाहेर व्हरांड्यात रंगकाम चालू आहे. रंगाऱ्यांची बांबूची शिडी तिथे उभी होती, बुडख्याखाली घडी केलेलं गोणपाट. तिच्याकडे बघतच फळ्यावर आकृती काढली. शेंड्यातून भिंतीला काटकोनात आडवी रेघ, बुडख्यातून सरळ वर उभी रेघ. दोन्ही जिथे भेटतात तो कोपरा म्हणजे भिंत, जमीन आणि या दोन रेघांनी बनलेल्या आयताचा चौथा बिंदू. शेंडा सरळ खाली जातोय, म्हणजे तो ज्या बिंदूभोवती फिरतोय तो आडव्या रेघेवर असणार. बुडखा आडवा सरकतोय, म्हणून त्याचा केंद्रबिंदू उभ्या रेघेवर. तेव्हा पूर्ण शिडी त्या क्षणी याच हवेतल्या कोपऱ्याभोवती फिरतेय. बुडख्यापासून या कोपऱ्याचं अंतर y. फिरण्याचा वेग म्हणजे वेग भागिले अंतर, u/y. संपलं, डेरिव्हेटिव्ह काढायचीही गरज नाही. शेंड्यापासून त्याच कोपऱ्याचं अंतर x, म्हणून शेंड्याचा वेग ux/y, तोही फुकटात मिळाला.

एका रंगाऱ्याने फळ्याकडे डोकावून विचारलं, “मॅडम, शिडी पाडायची कशाला?” उत्तर सुचलं नाही.

९ डिसेंबर, शनिवार

पहिली जुळणी. प्लायची उभी फळी म्हणजे भिंत, तिच्यावर गुळगुळीत सनमायका. शिडी म्हणजे वर्गातली लाकडी मीटरपट्टी. बुडख्याला दोरी बांधून पिवळ्या गिअरच्या मोटरने ती बाहेर ओढायची, म्हणजे u कायम राहील असा बेत. मोटर मिनिटाला ६० फेऱ्यांची, तिच्यावर ३.२ सेंमी व्यासाचं रीळ. एका फेरीत साधारण १० सेंमी दोरी, म्हणून u = १० सेंमी प्रति सेकंद.

फसलं. सुरुवातीला पट्टी शहाण्यासारखी सरकली, पण कोन साठाच्या जरा खाली आला आणि दोरी सैल पडली. पट्टी दोरीच्या पुढे पळाली आणि धाडकन फरशीवर. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच, जवळपास त्याच कोनाला. मुलगा मोटर बदलू म्हणाला. मोटरचा दोष असता तर दर वेळी तोच कोन आला नसता.

भौतिकशास्त्राच्या सरांना बोलावलं. त्यांनी एका नजरेत ओळखलं. शिडी स्वतःच्या वजनानेच बाहेर जायला बघते, तिला आजवर अडवून धरत होतं ते फरशीचं घर्षण. उभ्या शिडीत घर्षण पुरून उरतं, म्हणून ओढावं लागतं. ती पुरेशी कलली की भिंतीचा रेटा घर्षणावर मात करतो आणि मग ओढायची गरजच उरत नाही, उलट धरून ठेवावं लागतं. भिंत अगदी गुळगुळीत असती तर हा बदल tan θ = १/(२ × घर्षणांक) या कोनाला होतो. घर्षणांक ०.३ धरला तर ५९ अंश. आमच्या “साठाच्या जरा खाली”शी ते जुळतं.

म्हणजे दोरी ओढायची नाही, सोडायची.

११ डिसेंबर, सोमवार

भिंतीच्या फळीला तळाशी भोक पाडून दोरी मागे घेतली. आता मोटर भिंतीमागे बसते आणि हळूहळू दोरी सोडते. बुडख्याला खेळण्यातल्या गाडीचा सांगाडा बिजागरीने जोडला, म्हणजे फरशीचं घर्षण जवळजवळ गेलं आणि दोरी सुरुवातीपासून ताठ. बिजागरी मुलीच्या वडिलांनी बसवून दिली. पट्टीचं भोक इतकं नेटकं की पिन हलतही नाही.

एक चूक इथेच पकडली, नाहीतर पुढे महागात पडली असती. बिजागरीची पिन फरशीपासून २ सेंमी वर आहे. आमच्या गणितातली “जमीन” म्हणजे ही पिनेची पातळी. y फरशीपासून मोजला तर ८० ला फरक जाणवत नाही, पण खरा y १० असताना आपण १२ लिहितो आणि −u/y सरळ सहाव्या हिश्श्याने कमी येतो. भिंतीवरची मोजपट्टी २ सेंमी वर सरकवून चिकटवली. L सुद्धा पिनेपासून टोकापर्यंत मोजून बरोबर १०० सेंमी केला.

१३ डिसेंबर, बुधवार

मापं घेतली. फोन तीन मीटर लांब, पुस्तकांच्या चळतीवर, पट्टीच्या मध्याच्या उंचीला. जवळून घेतलं तर कडेचे कोन वाकडे दिसतात. व्हिडिओतल्या चित्रांवरून कोन थेट मोजायचा, y वरून काढायचा नाही; नाहीतर जे तपासायचं तेच गृहीत धरल्यासारखं होईल.

x ६० वरून ७० वर जायला एक सेकंद. कोन ५३ वरून ४५.५ वर आला, म्हणजे ७.५ अंश. मुलगा नाराज झाला, कारण x = ६० ला y = ८०, म्हणून १०/८० = ०.१२५ रेडियन, म्हणजे ७.१६ अंश यायला हवे होते. “आपलं यंत्र चुकतंय, मॅडम.”

यंत्र चुकत नव्हतं. ७.१६ हा सेकंदाच्या पहिल्या क्षणाचा दर. सेकंद संपताना y ७१.४ झालेला आहे आणि दर ८.०२. त्या दोघांच्या मधलाच आकडा मिळायला हवा होता आणि मिळाला. x = ६५ ला सूत्र ७.५४ देतं. पुढच्या सेकंदाला ९ अंश मोजले, सूत्राचा मधला आकडा ८.७, त्यापुढच्याला ११, सूत्राचा १०.९. अर्ध्या अंशाची चूक आमच्या मोजण्यात असणारच. “त्या क्षणी” आणि “त्या सेकंदात” यातला फरक मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगते. पोराला तो आज स्वतःच्या आकड्यावर चिडल्यामुळे कळला.

शेवटचा सेकंद वेगळाच. x ९० ते १००, कोन जवळपास २६ अंश ते शून्य. आधीच्या सेकंदाच्या दुपटीहून जास्त.

१६ डिसेंबर, शनिवार

आज त्या शेवटच्या सेकंदाचीच चर्चा. y जसजसा शून्याकडे जातो तसतसा u/y वाढत अनंताकडे. चाचणीतल्या ५ मीटरच्या शिडीत शेंडा जमिनीपासून दीड सेंमीवर आला की ux/y ध्वनीच्या वेगाइतका होतो. पुस्तकातल्या शिडीला कोणी आवाज फुटताना ऐकलेलं नाही. मग सूत्र कुठे मोडतं?

डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे. मोडतं ते पहिलंच वाक्य, x² + y² = L². ते खरं राहायला शेंडा भिंतीला टेकलेला हवा. भिंत शेंड्याला ढकलू शकते, धरून ओढू शकत नाही. ओढायची वेळ आली की शेंडा भिंत सोडणार.

ती वेळ केव्हा येते हे सरांनी असं मांडलं. बुडख्याबरोबर कायम वेगाने चालणाऱ्या माणसाला पट्टी बिजागरीवर पडणाऱ्या दांड्यासारखी दिसते. भिंत नसताना गुरुत्वाकर्षण तिला जास्तीत जास्त (3g/2L) cos θ इतकं कोनीय त्वरण देऊ शकतं. हा पुरवठा. आणि ω = u/y चं पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की सूत्राची मागणी कळते:

```
dω/dt = u²x / y³
मागणी = पुरवठा:  u²x / y³ = (3g / 2L) · (x / L)
y³ = 2u²L² / 3g
```

x दोन्हीकडून उडतो. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की फरक भरायला भिंतीने ओढावं लागेल, म्हणजे तिथेच संपलं. आणखी एक मजा: त्या क्षणी भिंतीचा रेटा शून्य, म्हणून भिंतीचं घर्षणही शून्य, सनमायका गुळगुळीत आहे की खरखरीत याने या उंचीत फरक पडत नाही. दोरीचा ताणही तिथेच संपतो, कारण आडव्या दिशेला भिंतीच्या रेट्याचा तोल तीच सांभाळत होती. अट एकच, तोवर बुडखा खरोखर कायम वेगाने जायला हवा.

आमच्या १० सेंमी वेगाला हे गणित ८.८ सेंमी उंची देतं. पुन्हा सगळे व्हिडिओ चाळले. काही दिसेना. मग लक्षात आलं की तिथून पट्टी आडवी व्हायला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो आणि तेवढ्यात भिंत व शेंडा यांच्यात पडणारी फट फक्त २ मिलिमीटर. दिसणार कशी?

१८ डिसेंबर, सोमवार

वेग वाढवायचा. १५० फेऱ्यांची मोटर, त्यावर सेलोटेपचं मोठं रिकामं रीळ, आणि एक सेल कमी. बुडख्याचा वेग व्हिडिओवरून ४८ ते ५२ च्या दरम्यान, ५० धरायला हरकत नाही. आता गणित २५.७ सेंमी म्हणतं आणि फट सुमारे दीड सेंमीची.

फोन सेकंदाला २४० चित्रांवर ठेवला. दुसऱ्याच खेपेला मिळालं. शेंड्याच्या टोकाला लावलेली पांढरी टेप, तिच्यामागे काळी सनमायका. एका चित्रात टेप भिंतीला चिकटलेली, पुढच्या दोन-तीनमध्ये शंका येण्याइतकी केसाएवढी रेघ, आणि त्यानंतर सरळ सरळ काळी पट्टी दोघांच्या मधे. दोरी तिच्याआधी किंचितशी झोळ खाते, ते बघायला मुलीने दोरीला लाल धाग्याची गाठ मारली होती. गाठ खाली आली की समजायचं.

आमची उंची २४ आली, एखाद सेंमी इकडेतिकडे. २५.७ पेक्षा कमीच, आणि आठही खेपांना कमीच. सरांचं म्हणणं, गाडीच्या चाकांचं उरलंसुरलं घर्षण. शेवटाजवळ भिंतीचा रेटा इतका क्षीण होतो की त्याहून घर्षण भारी पडतं. दोरी थोडी आधीच सैल होते, बुडखा जरासा मंदावतो आणि शेंडा भिंतीला थोडा जास्त वेळ चिकटून राहतो. गाठ आधी आणि फट नंतर दिसते, त्याला हे धरून आहे. चाकांना शिलाई मशीनचं तेल दिल्यावर २४.५ झाली. एवढ्यावर मी पैज लावणार नाही.

२० डिसेंबर, बुधवार

तक्ता करायला बसलो. u = ५० ला सूत्र काय म्हणतं: y ८० ला सेकंदाला ३६ अंश, ४० ला ७२. उंची निम्मी, दर दुप्पट. भिंत सोडताना १११. तिथून पुढे सूत्राने y = ५ ला ५७३ अंश सांगितले असते, आणि y = १ ला विचारायलाच नको. प्रत्यक्षात भिंत सुटल्यावर पट्टी साध्या पडणाऱ्या दांड्यासारखी वागते आणि आडवी होताना तिचा दर सेकंदाला १९० अंशांच्या आसपास पोचतो, त्याहून जास्त नाही. शेंडा त्या वेळी सेकंदाला साधारण ३.३ मीटर वेगाने आपटतो. हे गणिताने काढलेलं. मापात शेवटची चित्रं पुसट आहेत, त्यावरून १८० ते २०० एवढंच म्हणता येतं.

तक्त्यात तीन रकाने: उंची, सूत्राचा दर, मोजलेला दर. मुलाला सूत्राचा रकाना शेवटपर्यंत भरायचा होता, “येतंय ना उत्तर!” मुलगी नको म्हणाली. बराच वाद झाला. शेवटी २४ च्या खाली सूत्राच्या रकान्यात फुली आणि शेजारी तिच्या अक्षरात: “इथे शिडी भिंतीला टेकलेली नाही.”

पुढच्या चाचणीसाठी प्रश्नही बदलून ठेवला. शेवटी एक ओळ वाढवली: “शेंडा सतत भिंतीला टेकलेला आहे असे माना.”

२१ डिसेंबर, गुरुवार

मांडणी सभागृहात नेली. प्लायची भिंत मामांनी एकट्याने उचलली. नेताना गाडीचं एक चाक निघालं, फेविक्विकने बसवलंय, पण उजवीकडे ओढतं. उद्या सकाळी साडेसातला येऊन आधी १० सेंमीच्या वेगावर दोन फेऱ्या करून बघायच्या, मग मोठं रीळ लावायचं. सेल नवे आणायचे आहेत, चार. रंगाऱ्यांना त्यांचं गोणपाट परत द्यायचंय, आपटणाऱ्या पट्टीखाली टाकायला मागून आणलं होतं.